कांदा-लसूण मसाल्याची मोबाइल जाहिरात: प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी

काम हाती आले. कोल्हापूरजवळच्या एका गावात महिलांचा एक छोटा गृहउद्योग कांदा-लसूण मसाला करतो. मिरचीचा हंगाम सुरू झाला की मार्च ते मे हे त्यांचे खरे विक्रीचे महिने असतात. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर चित्र-जाहिरात चालवायची आहे आणि जमल्यास गूगलच्या डिस्प्ले जाळ्यावरही. साहित्य म्हणून त्यांनी गेल्या वर्षीच्या फ्लेक्सची फाइल पाठवली आणि "हेच मोबाइलवर टाका" असे सांगितले.

फ्लेक्स त्याच्या जागी वाईट नाही. दहा फूट रुंद फलक चौकात लागतो आणि माणूस सिग्नलला थांबून तो वाचतो, त्यामुळे त्यावर देवीचे चित्र, अध्यक्षाबाईंचा फोटो, ताटाचा फोटो, तीन आकारांची पाकिटे, दरपत्रक, दोन पत्ते आणि तीन फोन नंबर असे सारे मावते. ती फाइल मी १०८० पिक्सेल रुंदीत बसवून फोनवर पाहिली. सर्वसाधारण अँड्रॉइड फोनची रुंदी मांडणीच्या हिशेबाने ३६० एकके धरली जाते, म्हणजे १०८० पिक्सेलचे चित्र तिथे तिपटीने लहान होऊन दिसते. प्रत्यक्ष हातात ही रुंदी साडेसहा-सात सेंटिमीटर भरते. फ्लेक्सवरचे फोन नंबर या चित्रात २६ पिक्सेलचे झाले होते. म्हणजे फोनवर नऊ एककांपेक्षाही कमी, आणि पट्टीने मोजायचे तर दीड मिलिमीटरच्या आसपास. चष्मा असो वा नसो, अंगठ्याने वर सरकणाऱ्या फीडमध्ये एवढे अक्षर कोणी वाचत नाही.

म्हणून पहिला नियम ठरवला: या प्रकल्पात कुठलाही मसुदा संगणकाच्या मोठ्या पडद्यावर मंजूर करायचा नाही. प्रत्येक मसुदा फोनवर पाठवायचा, हात सैल सोडून नेहमीच्या अंतरावर धरायचा आणि मगच मत द्यायचे.

१३ फेब्रुवारी

आजचा दिवस मजकूर कापण्यात गेला.

चित्रावर किती मजकूर असावा याविषयी अजूनही '२० टक्क्यांचा नियम' सांगितला जातो, म्हणून त्याची पार्श्वभूमी इथे लिहून ठेवतो. फेसबुक पूर्वी जाहिरातीच्या चित्राचे पाच बाय पाच असे पंचवीस चौकोन करून मोजणी करत असे. पाचांहून अधिक चौकोनांत मजकूर असला की जाहिरात नाकारली जाई. पुढे नाकारण्याऐवजी अशा जाहिरातीचा प्रसार कमी केला जाऊ लागला आणि सप्टेंबर २०२० मध्ये ही मर्यादा काढून टाकण्यात आली. आज तिथे तसे बंधन नाही. गूगल मात्र आपल्या रिस्पॉन्सिव्ह डिस्प्ले, म्हणजे जागेनुसार आकार बदलणाऱ्या जाहिरातींच्या चित्रांत मजकूर २० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. माझ्या मते नियम गेला असला तरी माप म्हणून तो उपयोगी आहे, फक्त चौकोन मोजण्याची पद्धत ओबडधोबड होती. एका अक्षराची वेलांटी शेजारच्या चौकोनात गेली तरी तो चौकोन भरलेला धरला जाई. मी त्याऐवजी प्रत्येक ओळीभोवती मात्रा-उकारांसह बसेल असा आयत काढतो आणि त्या आयतांचे क्षेत्रफळ मोजतो.

चित्रावरचा प्रत्येक शब्द ठेवायचा की नाही हे ठरवताना एकच प्रश्न विचारला: हे चित्राबाहेर कुठे आधीच लिहिलेले असणार आहे का? फीडमधल्या जाहिरातीत वर उद्योगाचे नाव दिसते, चित्राच्या वर किंवा खाली मजकूर येतो, शीर्षक येते आणि बटणही तेच व्यासपीठ देते. म्हणून उद्योगाचे नाव चित्रात मोठ्या अक्षरांत घालण्याची गरज नाही. ते पाकिटावर छापलेले आहेच. फोन नंबर तर चित्रात असून दाबताही येत नाही, त्याचे काम बटणाने करायचे. दरपत्रक दुकानाच्या पानावर गेले. 'आजच मागवा' असे रंगवलेले बटण फ्लेक्समध्ये होते, तेही काढले. दाबल्यावर काहीच न होणारे बटण चित्रात रंगवू नये असे गूगल स्पष्ट सांगते, आणि खरे बटण खाली असताना वर खोटे ठेवले की लोक चुकीच्या जागी बोट लावतात.

शेवटी दोन ओळी उरल्या: 'कांदा-लसूण मसाला' आणि तिच्याखाली '२५० ग्रॅम, घरपोच'. पहिल्या ओळीत आधी 'घरचा' हा शब्दही होता. तो घेतला की ओळीच्या दोन ओळी होतात आणि शीर्षकाचा आयत एकटाच चित्राचा पाचवा भाग खातो, म्हणून तो चित्रावरून उचलून वरच्या मजकुरात पहिलाच शब्द म्हणून ठेवला. आता १०८० बाय १०८० च्या चौकोनात पहिली ओळ साधारण ८०० बाय १४५ पिक्सेल आणि दुसरी ५६० बाय ८० पिक्सेल घेते. दोन्ही मिळून सुमारे १४ टक्के होतात.

अक्षरांचा आकार पहिल्या ओळीला १०४ पिक्सेल ठेवला आहे. दुसऱ्या ओळीला ५६ पिक्सेल दिले. ४८ च्या खाली काहीही जाणार नाही असे ठरवले, कारण ४८ म्हणजे फोनवर १६ एकके, आणि देवनागरीला त्याहून कमी चालत नाही. फॉन्टचा जो आकार आपण लिहितो त्यातला बराच भाग वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार यांच्यासाठी राखलेला असतो. शिरोरेषेपासून तळापर्यंतचे अक्षराचे अंग त्याहून बरेच लहान असते. 'लसूण'मधला दीर्घ उकार आणि 'घरपोच'मधल्या 'पो'ची मात्रा लहान आकारात पहिल्यांदा गिचमिडतात, तेव्हा चाचणीला हीच अक्षरे बघावीत. वजन सेमीबोल्ड घेतले. हलक्या वजनाच्या रेषा फोनवर विरतात आणि फार जाड वजनात 'ण' आणि 'म' यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा भरून येतात. अक्षरांमधले अंतर शून्यच ठेवायचे. इंग्रजी मांडणीतून आलेली साचे-फाइल वापरली की तिच्यात अंतर वाढवलेले असते आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. हा दोष मराठी जाहिरातींत रोज दिसतो आणि एका आकड्याने दुरुस्त होतो.

१८ फेब्रुवारी

आज रंग. फ्लेक्सची पार्श्वभूमी गडद लाल (#B71C1C), तिच्यावर हिरवा गोल शिक्का (#2E7D32) आणि केशरी पट्टीवर (#FF9800) पांढरी अक्षरे अशी मांडणी आहे. संगणकावर ती भडक दिसते, आणि भडक म्हणजे उठावदार असा समज आहे. फोनवरून पाहिल्यावर हिरवा शिक्का लालात बुडालेला दिसतो. असे का होते ते मोजून बघितले.

वाचनीयता रंगाच्या नावावर अवलंबून नसते. दोन रंग किती उजेड देतात यातल्या फरकावर ती अवलंबून असते. वेबसाठीच्या सुलभतेच्या मानकात हा फरक असा मोजतात:

```
L = 0.2126·R + 0.7152·G + 0.0722·B
C = (L1 + 0.05) / (L2 + 0.05)
```

इथे R, G, B ही सरळ रेषेत आणलेली मूल्ये असतात (पडद्यावरचे ० ते २५५ चे आकडे थेट घालायचे नसतात), L म्हणजे रंगाचा उजेड, L1 हा उजळ रंग, L2 गडद, आणि C म्हणजे दोघांतला फरक, म्हणजेच कॉन्ट्रास्ट. पांढऱ्यावर काळे म्हणजे २१, एकच रंग म्हणजे १. लहान मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या ठळक मजकुराला किमान ३ हवे, असे ते मानक सांगते. ही गणिते हाताने करण्याची गरज नाही, कुठलाही कॉन्ट्रास्ट तपासनीस करतो. पण सूत्र डोळ्यांसमोर असले की निकालाचा अर्थ लागतो.

फ्लेक्सच्या रंगांचे निकाल असे आले. लालावर हिरवा शिक्का १.२८. लाल आणि हिरवा एकमेकांहून कितीही वेगळे वाटोत, उजेडाच्या मापात ते जवळजवळ एकच आहेत, आणि ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कमी दिसतो त्यांच्यासाठी तो शिक्का तिथे नाहीच. केशरीवर पांढरी अक्षरे २.१६, म्हणजे तीही नापास. त्याच केशरीवर काळे अक्षर ९.७४ देते, तरीही रस्त्यावरचे फलक पाहावेत तर बहुतेक ठिकाणी केशरीवर पांढरेच असते.

मला सर्वांत जास्त खटकली ती पार्श्वभूमी. पाकीट लाल आहे, मसाला लाल आहे आणि मागचा पडदाही लाल. लालावर पांढरे अक्षर ६.५७ देते, म्हणजे मजकूर सुटतो, पण माल मात्र मागे विरघळतो. म्हणून पार्श्वभूमी फिकट साईच्या रंगाची (#FFF8E1) केली. तिच्यावर पाकिटाचा लाल ६.१८ देतो आणि मजकुरासाठी घेतलेला गडद तपकिरी (#3E2723) १३ देतो. ग्राहकांना, म्हणजे गृहउद्योगाच्या बायकांना, लाल पार्श्वभूमी गेल्याची थोडी हुरहूर आहे. त्यांना दोन्ही चित्रे कृष्णधवल करून पाठवली. फ्लेक्सच्या चित्रात पाकीट करड्या रंगात कुठे संपते ते कळेना, नव्यात कळले, आणि पुढे चर्चा झाली नाही.

४.५ गाठले म्हणून थांबू नये, याचे कारणही त्या सूत्रातच आहे. त्यातला ०.०५ हा आकडा पडद्यावर आजूबाजूचा उजेड पडून येणाऱ्या चमकेसाठी धरलेला आहे, आणि तो खोलीतल्या उजेडाचा अंदाज आहे. आपला वाचक एस.टी.च्या थांब्यावर उन्हात उभा असतो. ती चमक मी अंदाजाने ०.४ धरून तेच गणित पुन्हा केले (०.४ हा मोजलेला आकडा नाही, कल पाहण्यापुरता घेतला आहे). साईवरचा तपकिरी १३ वरून सुमारे ३.१ वर येतो, साईवरचा लाल २.६ वर, आणि केशरीवरचे पांढरे १.७ वर. म्हणजे उन्हात सगळेच घसरते, आणि खोलीत जे जेमतेम होते ते उन्हात उरतच नाही. म्हणून मजकुरासाठी मी या कामात ७ च्या खालची जोडी घेणार नाही. लाल हा फक्त मोठ्या आकारांसाठी, म्हणजे पाकीट आणि मसाला यांच्यासाठी.

२१ फेब्रुवारी

फोटो काढले. त्याआधी नजर कुठे ठरणार यावर बराच वेळ बोलणे झाले.

फ्लेक्समध्ये नजरेला बोलावणाऱ्या निदान चार जागा आहेत: देवी, अध्यक्षाबाईंचा चेहरा, ताट आणि पाकिटे. चौकात वेळ असतो, तेव्हा नजर फिरून येते. फीडमध्ये अंगठा थांबण्याआधी एकच वस्तू ओळखू येते. चेहरा असला की नजर आधी तिथे जाते, आणि अध्यक्षाबाईंना गावाबाहेर कोणी ओळखत नसल्यामुळे तिथे गेलेली नजर मसाल्यापर्यंत पोचेलच असे नाही. त्यांचा फोटो काढण्याची गोष्ट अवघड जाईल असे वाटले होते, पण त्याच म्हणाल्या, "माझं तोंड बघून मसाला कोण घेतंय? पाकीट दावा की."

पाकीट की ताट, हा खरा प्रश्न. ताट भूक लावते, पाकिटामुळे वस्तू ओळखू येते. दोन्ही एका चित्रात शेजारी-शेजारी ठेवले तर दोन समान वजनाचे आकार होतात आणि नजर मधल्या मोकळ्या जागेत पडते. म्हणून दोन वेगळी चित्रे करायची ठरवली. 'अ'मध्ये एकच पाव किलोचे पाकीट उभे, आणि त्याच्या पायाशी त्याला चिकटूनच मसाल्याचा लहान ढीग. चिकटून असणे महत्त्वाचे आहे. ढीग दोन बोटे बाजूला सरकवला की तो दुसरी वस्तू होतो, पाकिटाच्या कडेवर आला की दोन्ही मिळून एकच आकार दिसतो. 'ब'मध्ये फक्त तांबड्या रश्शाची वाटी आणि भाकरी, पाकीट नाही.

मसाल्याच्या ढिगाचा रंग पहिल्या फोटोंत काळपट येत होता. उजेड थेट वरून असला की पूड सपाट दिसते. खिडकीचा उजेड बाजूने, जरा मागून घेतल्यावर दाणा दिसू लागला. ब्याडगी मिरचीमुळे या मसाल्याचा रंग मुळातच खोल आहे, तेव्हा संगणकावर लाल वाढवण्याचा मोह टाळला. वाढवला तर पाकिटाचा लाल आणि पुडीचा लाल यांच्यातला फरक मिटतो.

एकच केंद्र आहे की नाही हे तपासायला मी चित्र धूसर करतो: १०८० पिक्सेलच्या चित्राला सुमारे तीस पिक्सेलचा ब्लर द्यायचा, किंवा ते बोटाच्या नखाएवढे करायचे. 'अ' धूसर केल्यावर फिकट जागेत एक लाल उभा आकार आणि वर एक तपकिरी पट्टी एवढेच उरले. पट्टी आकारापेक्षा जड वाटत होती, कारण तपकिरीचा फरक १३ आहे आणि लालाचा ६. शीर्षक फिके करायचे नव्हते, म्हणून पाकीट मोठे केले, इतके की त्याची उंची शीर्षकाच्या अक्षरांच्या सहापट झाली. मग धूसर चित्रात नजर आधी लालावर आणि मग पट्टीवर जाऊ लागली.

२६ फेब्रुवारी

आजची नोंद सेफ झोनची, म्हणजे व्यासपीठाच्या नाव-बटणांखाली न झाकल्या जाणाऱ्या जागेची, आणि ती लांबणार आहे, कारण सगळी मांडणी याच गणितावर बसली.

चित्रे तीन आकारांत लागतात. फीडसाठी चौकोनी १०८० बाय १०८० किंवा चारास पाच, म्हणजे १०८० बाय १३५०. स्टोरी आणि रील्ससाठी नवास सोळा, म्हणजे १०८० बाय १९२०. उभ्या चित्रात सगळा पडदा आपला असतो असे वाटते, पण त्याच्यावर व्यासपीठाचे स्वतःचे सामान बसते: वर प्रोफाइलचे नाव आणि प्रायोजित असल्याची खूण, खाली मजकूर आणि बटण, आणि रील्समध्ये उजव्या कडेला लाइक-कमेंट-शेअरची चिन्हे. फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी मेटा हिच्या मार्गदर्शनाप्रमाणे स्टोरीत वरचे साधारण १४ टक्के आणि खालचे २० टक्के महत्त्वाच्या गोष्टींपासून मोकळे ठेवायचे असतात. रील्समध्ये वरचे १४, खालचे ३५ आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के.

एकच उभे चित्र दोन्हीकडे चालवायचे असेल तर कडक नियम पाळावा लागतो, म्हणजे रील्सचा. १९२० चे १४ टक्के म्हणजे २७० पिक्सेल, ३५ टक्के म्हणजे ६७२ पिक्सेल, १०८० चे ६ टक्के म्हणजे ६५ पिक्सेल. उरलेली सुरक्षित चौकट रुंदीला ९५० आणि उंचीला ९७८ पिक्सेल भरते. आकडे कागदावर आल्यावर लक्षात आले की उभ्या पडद्यातली सुरक्षित जागा जवळजवळ चौकोनी आहे. ती पडद्याच्या मध्यावर नसते, वरच्या बाजूला सरकलेली असते: वरून २७० पासून १२४८ पर्यंत. पडद्याचा मध्य ९६० वर येतो आणि चौकटीचा मध्य ७६० च्या आसपास. जे लोक सगळे बरोबर मधोमध ठेवतात त्यांच्या वस्तूचा खालचा भाग बटणाखाली जातो, याचे कारण हे.

यामुळे काम सोपे झाले. ९५० बाय ९७८ ची एकच गाभ्याची मांडणी करायची: वर शीर्षक, खाली दुसरी ओळ, मग ६४० पिक्सेल उंचीचे पाकीट. चौकोनी चित्रात ती चारही बाजूंनी पन्नास-पासष्ट पिक्सेलचा समास ठेवून बसते. चारास पाचमध्ये ती मधोमध ठेवली की वर-खाली १८६ पिक्सेल मोकळे राहतात, आणि जिथे हे चित्र मधून चौकोनी कापले जाते तिथे वर-खाली १३५-१३५ पिक्सेल गेले तरी गाभ्याला धक्का लागत नाही. उभ्या चित्रात ती वर सरकवून ठेवायची आणि भोवती पार्श्वभूमी वाढवायची.

चौकटीच्या कडेला देवनागरीचा एक बारकावा सांभाळावा लागतो. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळीची कड कधी शिरोरेषेपासून धरलेली दिसते, कधी फॉन्टच्या पूर्ण उंचीपासून. वरच्या सीमेशी ओळ जुळवताना मी अनुस्वार, मात्रा आणि रफार यांच्या टोकापासून मोजतो. तसे न केल्यास 'कांदा'वरचा अनुस्वार सीमेबाहेर जातो.

दुपारी ग्राहकांना उभे चित्र दाखवले. खालचा मोठा रिकामा भाग पाहून अध्यक्षाबाईंचे यजमान म्हणाले, "एवढी जागा मोकळी कशाला सोडलीय? पैसे तर पुऱ्या चित्राचे भरतोय न्हवं?" त्यांच्या फोनवर दुसऱ्या कोणाची रील जाहिरात उघडून दाखवली. तिच्या पत्त्यावर मजकूर आणि बटण बसलेले होते, तो पत्ता त्यांनीच वाचायचा प्रयत्न करून पाहिला.

रिकाम्या भागाचे काम मात्र संपले नाही. खाली साईचाच रंग ठेवला तर त्यावर येणारा व्यासपीठाचा पांढरा मजकूर दिसेनासा होतो. तो मजकूरही आपल्याच जाहिरातीचा आहे, तेव्हा त्याच्या कॉन्ट्रास्टची जबाबदारीही आपलीच. पूर्ण पार्श्वभूमी तपकिरी करून पाहिली, पण तपकिरीवर पाकिटाचा लाल २.१ वर येतो. शेवटी असे केले: पाकीट गडद तपकिरी फळीवर उभे आहे, फळीची कड साधारण १२०० व्या पिक्सेलवर येते आणि तिथून तळापर्यंत फळीच आहे. वरच्या २६० पिक्सेलमध्ये तसाच गडद रंग सावलीसारखा उतरत येऊन साईत मिसळतो. अशा प्रकारे मधला भाग उजळ राहतो, वर-खालची पांढरी अक्षरे वाचता येतात आणि चित्र कापून जोडल्यासारखे वाटत नाही.

४ मार्च

'ब' चित्राचा, म्हणजे वाटी-भाकरीचा प्रश्न वेगळा निघाला. इथे फोटो पूर्ण चित्रभर आहे आणि मजकूर फोटोवरच बसतो. फोटोवर मजकूर असला की कॉन्ट्रास्टचा आकडा एक नसतो, प्रत्येक अक्षरामागे तो बदलतो. सरासरी घेऊन उपयोग नाही. पांढऱ्या अक्षरासाठी त्यामागचा सर्वांत उजळ ठिपका शोधून तिथे मोजायचे.

पहिल्या फोटोत स्टीलच्या ताटाची कड शीर्षकामागे चमकत होती, जवळजवळ शुद्ध पांढरी. अशा जागी काळा पारदर्शक थर देणे हा नेहमीचा उपाय. पांढऱ्या ठिपक्यावर ५० टक्के काळा थर दिला तर पांढऱ्या अक्षराला ३.९५ मिळतात, ५५ टक्क्यांना ४.७ आणि ६० टक्क्यांना ५.७. माझा ७ चा आकडा गाठायला थर त्याहूनही दाट लागला असता, आणि साठ टक्क्यांतच रश्शावरचा तवंग काळवंडतो. जेवणाच्या फोटोला हा उपाय मला पटत नाही.

फोटो पुन्हा काढला. वाटी खाली सरकवली, स्टीलच्या ताटाऐवजी लाकडी पाट घेतला आणि वरचा भाग मुद्दाम रिकामा सोडला. पाटावरची सर्वांत उजळ रेघ #6B4A32 मोजली गेली, तिच्यावर पांढरे अक्षर ७.९ देते. थर लागलाच नाही. फोटो काढणाऱ्याला आधीच सुरक्षित चौकटीची पारदर्शक फाइल द्यावी आणि त्याने ती कॅमेऱ्यातून आलेल्या चित्रावर ठेवून बघावी, ही सवय या कामापासून लावून घेतो आहे.

७ मार्च

एक्स्पोर्ट. चित्र आपण कसेही दिले तरी व्यासपीठ ते पुन्हा दाबून जेपीईजी करते, तेव्हा त्याचा परिणाम आधीच पाहून ठेवला. जेपीईजीत साधारणपणे उजेडाचा तपशील पूर्ण राखला जातो आणि रंगाचा तपशील आडवा-उभा निम्म्यावर आणला जातो. त्यामुळे जे अक्षर पार्श्वभूमीपासून केवळ रंगाने वेगळे आहे त्याच्या कडा फुटतात, आणि जे उजेडाने वेगळे आहे ते बरेच स्वच्छ राहते. चाचणीसाठी '२५० ग्रॅम' एकदा लालात आणि एकदा तपकिरीत लिहून दोनदा दाबले. लालातल्या 'ग्रॅ'भोवती गुलाबी धूर आला, तपकिरीतला वाचनीय राहिला. १८ फेब्रुवारीला घेतलेल्या निर्णयाला हा आणखी एक आधार मिळाला.

गूगलसाठी स्वतः तयार करून चढवलेल्या बॅनरला १५० केबीची मर्यादा असते. ३२० बाय ५० च्या पट्टीत आपला गाभा बसणार नाही, बसवूही नये. तिथे फक्त पाकिटाचा वरचा भाग आणि 'कांदा-लसूण मसाला' एवढेच ठेवले, दुसरी ओळ नाही.

१५ मार्च

जाहिरात सुरू होऊन काही दिवस झाले. फोनवर खऱ्या जागी पाहिली: फीड, स्टोरी, रील्स. चौकटीबाहेर काही गेलेले नाही. एका लांबट फोनवर उभे चित्र किंचित मोठे होऊन दोन्ही कडा कापल्या गेल्या, पण ६५ पिक्सेलच्या समासात ते जिरले. डार्क मोड असलेल्या फोनवर साईची पार्श्वभूमी अपेक्षेपेक्षा जास्त उठून दिसते. पांढऱ्या फीडमध्ये मात्र चित्राची कड पानात मिसळते. तिथे एक बारीक तपकिरी रेघ द्यावी का, यावर विचार चालू आहे. माझा कल न देण्याकडे आहे, कारण मुख्य आकार पाकिटाचा आहे आणि तो सुटतो.

'ब'ला 'अ'पेक्षा थोडे अधिक क्लिक आले म्हणून ग्राहक 'अ' बंद करा म्हणत आहेत. त्यांना थांबायला सांगितले. समजा शंभरात एक माणूस क्लिक करतो आणि प्रत्येक चित्र पाच हजार वेळा दिसले, तर अपेक्षित क्लिक पन्नास. एवढ्या संख्येत केवळ योगायोगाने चौदा-पंधरा क्लिक इकडे-तिकडे होणे सहज शक्य असते. पन्नास आणि साठ यांत निवड करणे म्हणजे नाणे उडवणे. आपला फरक सध्या त्याहूनही कमी आहे. शिवाय क्लिक आणि मागणी या वेगळ्या गोष्टी आहेत: ताट पाहून कुतूहलाने आलेला माणूस आणि पाकीट पाहून आलेला माणूस यांच्या मागणीचे प्रमाण सारखे असेलच असे नाही. म्हणून दोन्ही चालू ठेवून मार्चअखेर मागण्यांची नोंदवही पाहायची ठरली.

२२ मार्च

आडवे चित्र आज पूर्ण केले: १२०० बाय ६२८. इथे चौकोनी गाभा तसाच घालून चालत नाही. ६२८ च्या उंचीत तो बसवला की पाकीट निम्म्याहून थोडेच मोठे उरते आणि दोन्ही बाजूंना जागा वाया जाते. पाकीट डावीकडे पूर्ण उंचीच्या ऐंशी टक्के घेतले आणि दोन ओळी उजवीकडे, कडांपासून दहा टक्के आत. वेगवेगळ्या जागांवर चित्राच्या कडा थोड्या कापल्या जाऊ शकतात, आणि महत्त्वाचा मजकूर मधल्या ८० टक्क्यांत ठेवावा असे गूगलचेही सांगणे आहे. आडवे चित्र फोनवर फार लहान दिसते, त्यामुळे १२०० च्या रुंदीत दुसरी ओळ ६४ पिक्सेलची करावी लागली. म्हणजे फोनवर एकोणीस एकके.

सर्व फाइली आकार आणि आवृत्ती यांच्या नावांनी ग्राहकांकडे दिल्या. सोबत सुरक्षित चौकटीची रिकामी फाइल आणि चार रंगांचे क्रमांक दिले आहेत. मेमध्ये अर्धा किलोचे पाकीट येणार आहे, तेव्हा फक्त फोटो आणि दुसऱ्या ओळीतला आकडा बदलायचा. '५०० ग्रॅम' हे '२५० ग्रॅम'एवढ्याच रुंदीत बसते, तपासून पाहिले आहे.